फुली सकाळी मारायची

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. आखातात कामाला गेलेला एक माणूस, खोलीतल्या भिंतीवर लावलेलं कॅलेंडर, रोज रात्री झोपण्यापूर्वी लाल पेनाने मारलेली एक फुली, आणि शेवटी ज्या तारखेला घरी जायचं तिच्याभोवती काढलेला गोल. संपादकांना आवडली, चार ओळखीच्यांचे फोन आले, एका बाईंनी रडू आलं असं कळवलं. अंक मी मामाला नेऊन दिला, कारण कथा त्याच्यावरूनच सुचली होती. तसं त्याला सांगितलं मात्र नव्हतं. महिन्याभराने लालबागला गेलो तेव्हा त्याने अंक परत दिला. माझ्या कथेच्या पानात बेस्टचं तिकीट खुणेला घातलेलं. मामी आत चहा टाकत होती. तो म्हणाला, ‘‘चांगली आहे.’’ मग थोडं थांबून, चष्मा काढून बंडीला पुसत, ‘‘पण फुली रात्री नाही मारत कोणी. सकाळी मारतात.’’

बस, एवढंच. पुढे क्रिकेटचा विषय निघाला.

एवढ्याशा वाक्याचं काय घेऊन बसायचं? पण ते डोक्यातून जाईना. परतीच्या लोकलमध्ये करी रोड ते ठाणे तेच. माझ्या कथेतली सगळी करुणा त्या रात्रीच्या फुलीवर उभी होती. दिवस संपला, दिवा मालवायच्या आधी तो खोडला, आणखी एक कमी झाला. सकाळी कशी मारतील फुली? दिवस तर अजून जायचाय. मला वाटलं, मामाचं वय झालंय, विसरला असेल. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. लेखकाला चूक दाखवलेली आवडत नाही, त्यातून ती बरोबर असेल तर मुळीच नाही.

मामा गिरणीत फिटर होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तो तिशीच्या आतला, नुकतं लग्न झालेलं. सहा महिन्यांत मिटेल म्हणून सगळे थांबले तसा तोही थांबला. नंतर कोणी भाजी विकली, कोणी गाव गाठलं, कोणी वॉचमनची काठी धरली. मामाच्या हातात पाइपचं काम होतं, म्हणून एजंटकडे ट्रेड टेस्ट देऊन तो सौदीला, जुबैलला गेला. तिथे तेव्हा समुद्राकाठी अख्खं औद्योगिक शहर उभं राहत होतं आणि पाइप जोडणारे हात हवे होते. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, मग दोन महिन्यांची सुट्टी, मग पुन्हा दोन वर्षं. अशा त्याने पाच खेपा केल्या. आम्हा भाच्यांच्या लेखी मामा म्हणजे विमानतळावरून येणारं, नायलॉनच्या दोरीने बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं. त्यातून टँगची बाटली निघायची, जाड फुलाफुलांचं ब्लँकेट निघायचं, आणि उघडल्यावर एक वास यायचा, साबण, अत्तर आणि नव्या प्लॅस्टिकचा मिळून झालेला. तो वास अजून कुठे आला की मी आठ वर्षांचा होतो. मामाने तिथे काय केलं हे आम्ही कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

पुढच्या वेळी मी मुद्दाम रविवार धरून गेलो आणि सरळ विचारलं, सकाळी का?

‘‘रात्री मारली की झोप लागत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हात कॅलेंडरला लागला की डोळे पुढे पळतात. उरले किती, मोजत बसतो माणूस. एकदा मोजून होत नाही, परत मोजतो. सकाळी पाचला बस यायची साइटवर न्यायला. बूट घातले की फुली मारायची आणि निघायचं. मग तो दिवस गेलाच ना! खोडलेला दिवस नुसता काढायचा असतो.’’

मी वहीत लिहून घेऊ लागलो तसा तो जरा खुलला. फुली म्हणजे फुली नव्हेच, म्हणाला, एक तिरकी रेघ. कॅलेंडर कालनिर्णय असायचं, जाताना बॅगेत तळाशी सपाट ठेवून नेलेलं. दुसऱ्या वर्षाचं कोणी येणाऱ्याबरोबर यायचं, तेव्हा घडी घातलेलं, त्यामुळे बाराही महिन्यांना मधोमध चीर. दोन रेघांची फुली मारली तर तारखेखालची बारीक अक्षरं झाकतात, आणि मामाची संकष्टी असायची. तिथी दिसायला हवी. मी म्हटलं, संकष्टी तिकडे? म्हणजे चंद्रोदय? तर त्यावर तो हसला. कालनिर्णयात मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ, समजा साडेनऊ. मुंबईत साडेनऊ वाजतात तेव्हा सौदीत सात. पण चंद्र पश्चिमेकडे उशिरा दिसणार, जुबैलला तो तिथल्या घड्याळात साडेआठच्या आसपास उगवायचा. मामा सातलाच सोडायचा उपास. बाहेर आकाशात काही नाही, नुसता फ्लेअरचा, म्हणजे कारखान्यातला वायू जाळणाऱ्या चिमणीचा उजेड, आणि हा मेसच्या ताटासमोर हात जोडून बसलेला. ‘‘तुझी मामी त्याच वेळी सोडायची ना,’’ म्हणाला. आतून मामी ओरडली, ‘‘मी कुठली त्या वेळी? तुमच्या आईचं आवरून मला दहा वाजायचे!’’

कालनिर्णयाची आणखी एक गंमत त्याने सांगितली, ती मला आपण होऊन कधी सुचली नसती. रविवारचे आकडे लाल. तिकडे रविवारी कामच, सुट्टी शुक्रवारी, आणि शुक्रवार छापलेला काळा. म्हणजे नवीन माणसाला महिनाभर तरी डोळ्यांची फसवणूक व्हायची. सकाळी लाल आकडा बघितला की अंग आपोआप सैल पडतं, अन् बस तर बाहेर भोंगा वाजवतेय. माझ्या कथेतला माणूस दर रविवारी समुद्रावर जाऊन बसायचा. मामाने त्यावर काही म्हटलं नव्हतं. तेही त्याने वाचलं असणार, आणि सोडून दिलं असणार.

मग भिंत. माझ्या कथेत भिंत फार महत्त्वाची होती. पोपडे उडालेली भिंत, त्यावर खिळा, असं सगळं मी रंगवलं होतं. मामा राहायचा पोर्टाकॅबिनमध्ये. तिची भिंत पत्र्याची, आतून गुळगुळीत लॅमिनेट, खिळा ठोकायची सोयच नाही. एका खोलीत सहा माणसं, दुमजली खाटा, आणि प्रत्येकाला एक लोखंडी कपाट, बोटभर रुंद फटी असलेलं. कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून, साइटवरून आणलेल्या लोहचुंबकाने लावलेलं. पहिल्या खेपेला नव्या पोरांप्रमाणे त्यानेही ते बाहेर डकवलं होतं. मग खोलीतला प्रत्येक जण येता-जाता त्याचे दिवस मोजायला लागला. ‘‘तेरा कितना बाकी?’’ एकाला तर स्वतःचे मोजवत नव्हते, म्हणून तो मामाचेच मोजायचा. ज्याचे चारशे उरलेत त्याच्या समोर आपले ऐंशी टांगून ठेवणं बरं दिसत नाही, मामा म्हणाला. दुसऱ्या खेपेपासून कॅलेंडर आत गेलं.

आणि दिवस पहिल्यापासून मोजायचे नाहीत, हा जुन्या माणसांनी शिकवलेला नियम. सातशे तीस हा आकडा डोक्यात शिरला की माणूस बिघडतो. दोन वर्षांचे शुक्रवार एकशे चार, पहिलं वर्षभर फक्त शुक्रवार खोडायचे. ते आटोक्यातले वाटतात. दुसऱ्या वर्षी सुट्टीचा अर्ज दिला, तीन महिने राहिले, की मग रोजची रेघ. ‘‘फिट-अपसारखंच आहे,’’ तो म्हणाला. दोन पाइपांची तोंडं समोरासमोर आणताना मधे तीन मिलिमीटरची फट ठेवतात, वेल्डिंगचा रस आत उतरायला. ती फट आधीच मोजत बसायची नसते. पाइप लांब असतो तोवर चेन-पुलीने नुसता ओढायचा, जवळ आला की गेज काढायचं. हे सांगताना त्याचे दोन्ही तळहात हवेत समोरासमोर आले आणि मधे तेवढीच फट राहिली. पंचाहत्तरीला आलेले हात, पण मी शपथेवर सांगतो, ती तीन मिलिमीटरच होती.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते मात्र पुढचं. निघता निघता, चपला घालताना मी विचारलं, आणि तो गोल? गोल तरी काढायचास ना?

‘‘काढायचो की. पण तुझ्या गोष्टीतल्या माणसाला तारीख कशी काय ठाऊक?’’

मला प्रश्नच कळला नाही. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, तर दोन वर्षांनी येणार. त्याने मला पुन्हा बसवलं.

काँट्रॅक्ट संपण्याची तारीख आणि घरी जाण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. हातात असतो तो इकामा, तिथे राहण्याचा परवाना. सुट्टीवर जायचं तर पासपोर्टवर जाऊन परत येण्याचा व्हिसा लागतो, खुरूज-औदा. तो कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या पत्राशिवाय होत नसे, आणि पासपोर्ट ऑफिसात तो करून आणायचा कंपनीच्या मंदूबने, सरकारी कामांसाठी फिरणाऱ्या माणसाने. मंदूब एका माणसासाठी खेप घालत नाही, दहा-बारा पासपोर्ट जमले की जातो. म्हणजे गोल तुम्ही काढायचा, पण तो खरा ठरवायचा मंदूबने. (२०२१ च्या मार्चपासून नियम बदललेत. कंपनीत काम करणाऱ्याला हा व्हिसा मालकाच्या परवानगीशिवाय मोबाइलवरून काढता येतो. घरकामाची माणसं, घरचे ड्रायव्हर यांना मात्र त्यातून वगळलंय. मामाच्या शेजाऱ्याचा मुलगा दम्मामला असतो, तो फोनमध्येच दिवस मोजतो, उलटे धावणारे आकडे दाखवणारं काहीतरी आहे त्याच्याकडे. मामाला ते त्याने दाखवलं होतं. ‘‘सेकंद पण दिसतात त्यात,’’ मामा म्हणाला, ‘‘कशाला?’’)

त्याची दुसरी खेप १९८८ च्या १२ जानेवारीला संपत होती. मुद्दाम जमवलेली तारीख, संक्रांतीच्या तोंडावरची. गोल काढला, घरी पत्र टाकलं. तिकीट होणार म्हणून खोलीतल्यांनी आपापली पत्रं, कॅसेट, बायकांसाठी कापड आणून त्याच्या खाटेवर ठेवलं. माझ्या कथेत निरोपाच्या रात्री मित्र गळ्यात पडून रडतात. मामा म्हणाला, कोणी रडत नाही, सगळे वजनकाट्याभोवती उभे असतात. तीस किलोतलं स्वतःचं दहा-बारा, बाकी लोकांचं. पत्रं न चिकटवता देतात. वाचायची नसतात, पण उघडी देतात, तशी रीत.

अडचण निघाली ती भलतीच. इकाम्याची मुदत हिजरी तारखांत असते. ते वर्ष चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपल्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी आखूड, दोन वर्षांत एकवीस-बावीस दिवसांचा फरक पडतो. मामाचा इकामा तो दोन वर्षांपूर्वी परत रुजू झाला तेव्हाच नवा केलेला. कालनिर्णयाच्या हिशेबाने काँट्रॅक्टला अजून तीन आठवडे होते, तेव्हाच, डिसेंबरात, इकामा संपून गेला. त्याने कपाटातल्या कॅलेंडरवर रोज रेघ मारली, पण त्याच्या खिशातल्या त्या परवान्यावर दिवस दुसऱ्याच पंचांगाने जात होते. इकामा चालू नसेल तर खुरूज-औदा होत नाही. नवा करायला फी भरायची, ती कंपनीने भरायची, आणि कंपनी त्या दिवसांत हात आखडून होती. मंदूब म्हणे, ‘‘बुकरा.’’ उद्या. दुसऱ्या दिवशी पण बुकरा.

बारा तारीख आली. सवयीने सकाळी बूट घालून त्याने कपाट उघडलं, गोलातल्या आकड्यावर रेघ मारली, आणि कामाला गेला.

‘‘आणि तेरा तारखेला?’’

‘‘तेराला नाही मारली. पुढे मारलीच नाही.’’

‘‘का?’’

‘‘ते दिवस धरायचे कशात? काँट्रॅक्टचे नाहीत, सुट्टीचे नाहीत. कोरे सोडले.’’ एकोणीस दिवस. खाटेवरचं लोकांचं सामान त्याने एकेकाला परत नेऊन दिलं, कारण पत्रं शिळी होत होती. पुढे ३१ जानेवारीला, रविवारी, तो सहारला उतरला. लाल आकड्याच्या दिवशी, हे त्याच्या बरोबर लक्षात होतं.

मी घरी येऊन कथा पुन्हा वाचली. वाईट नव्हती. पण तिच्यातला माणूस कॅलेंडरचा मालक होता. तो ठरवायचा, खोडायचा, गोल काढायचा आणि गोलात जाऊन पोचायचा. कोरे सोडलेले एकोणीस चौकोन मला कधीच सुचले नसते, आणि सुचले असते तरी त्यात मी काहीतरी भरलं असतं. आम्हा लिहिणाऱ्यांना ही खोड असते. कथा पुन्हा लिहावी असं वाटलं, बसलोही चार-पाच वेळा. सकाळची रेघ घातली, कपाट घातलं, मंदूब घातला, आणि प्रत्येक वेळी ती मामाची साक्ष नोंदवल्यासारखी व्हायची. सोडून दिली.

यंदा मार्चमध्ये मामाची चाळ पुनर्विकासाला गेली. सामान भाड्याच्या जागेत हलवायचं, म्हणून आम्ही भाचे-पुतणे माळा उपसायला गेलो. पितळेचे डबे, स्टोव्ह, गिरणीतला एक पाना, उंदरांनी कुरतडलेली गादी. एका पत्र्याच्या ट्रंकेत तळाला कागद अंथरलेले होते, तेलकट, पिवळे पडलेले. काढून टाकायला उचलले तर कालनिर्णयाची पानं. वरच्या पानाच्या मागे कसल्याशा वड्यांची कृती. पान उलटलं, जानेवारी १९८८.

मी जवळजवळ ओरडलोच. मामा खुर्चीत बसून सूचना देत होता, त्याच्यापुढे नेऊन धरलं. त्याने लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हे माझं नव्हे. माझं तिकडेच राहिलं. हे घरचं.’’

घरचंच होतं. रेघ एकही नाही. प्रत्येक चौकोनात मामीच्या अक्षरात दुधाचा हिशेब: अर्धा, अर्धा, अर्धा. कुठे ‘गॅस आला’. एका दिवशी ‘खाडा’, तो दूधवाल्याचा. घरात सासू, दोन पोरं आणि ती, अर्ध्या लिटरात भागवायची. बोट फिरवत मी बारा तारखेपर्यंत आलो. बाराला अर्धा. तेराला दोन. चौदाला दोन. पंधराला एक. सोळाला अर्धा, आणि मग रोज अर्धाच, पार तीसपर्यंत. एकतीसच्या लाल आकड्याखालीही अर्धा, कारण त्या दिवशी तो येणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

मामा बराच वेळ पान धरून बसला. त्याला कळायला माझ्याइतकाही वेळ लागला नसणार. आल्या माणसाला बघायला अख्खा मजला येणार, चहा लागणार, संक्रांत आहे. मामी दारात उभी राहून हंड्याला चिकटलेला कागद नखाने काढत होती.

‘‘दोन लिटर घेतलंस?’’ मामाने विचारलं.

‘‘दूधवाल्याला आधी सांगून ठेवावं लागायचं. आयत्या वेळी कुठलं देतोय तो.’’

‘‘मग त्या दुधाचं काय केलंस?’’

मामीने हंडा उपडा करून ठोकला.

‘‘दही लावलं. काय करणार? पोरं चार दिवस कढी खात होती.’’